सेकंड हँड फोन जुन्या मालकाचं खातं मागतोय: कायदेशीर मार्ग आणि लागणारी कागदपत्रं

माझ्या मावसभावानं सांगलीत एका ओळखीच्या माणसाकडून साडेअकरा हजारांना अँड्रॉइड फोन घेतला. घरी येऊन चालू केला, वाय-फाय जोडलं, आणि पडद्यावर मागणी आली की या फोनवर आधी असलेल्या गुगल खात्यानं साइन इन करा. त्यानं स्वतःचं खातं घालून पाहिलं, फोननं ते नाकारलं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी तर सगळं पुसून दिलं होतं!" आणि तो खरं बोलत होता.

घोळ पुसण्याच्या पद्धतीत होता. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन नावाचं कुलूप आहे, दुकानात त्याला एफआरपी म्हणतात. फोनवर गुगल खातं असताना पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केलं, की फोन समजतो चोरानं पुसलाय. फोटो, मेसेज सगळं जातं, पण खात्याची खूण मागे राहते. आधी सेटिंग्जमधून खातं काढलं आणि मग सेटिंग्जमधूनच रिसेट केलं, तर ही मागणी येत नाही. भावाच्या विक्रेत्यानं बटणं दाबली होती.

काहीही करण्याआधी फोन चोरीचा नाही ना, हे बघा. आयएमईआय नंबर बॉक्सवर आणि बिलावर असतो. बऱ्याच फोनवर आणीबाणीच्या कॉलच्या पडद्यावर `*#06#` दाबूनही तो दिसतो. तिन्ही ठिकाणचा नंबर एकच हवा. मग दुसऱ्या फोनवरून 14422 वर असा एसएमएस पाठवा:

```
KYM <15 अंकी IMEI>
```

हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, sancharsaathi.gov.in वरही होते. उत्तरात `Black-listed`, `Duplicate` किंवा `Already in use` आलं, तर तिथेच थांबा. असा फोन उघडून घेण्याचा कुठलाच वैध मार्ग नाही. विक्रेत्याचे तपशील, पैसे दिल्याचा पुरावा आणि फोन घेऊन पोलीस ठाण्यात जा. चोरीचा आहे हे कळल्यावरही जवळ ठेवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तुम्हीच अडचणीत याल. एक मात्र लक्षात ठेवा, मालकानं तक्रारच केली नसेल तर काळ्या यादीत नंबर दिसणार नाही. म्हणून बिल बघणं टाळू नका.

भावाच्या फोनचा नंबर स्वच्छ निघाला, बिलही विक्रेत्याच्याच नावाचं होतं. आता प्रश्न उरला कुलपाचा, आणि ते उघडण्याचा हक्क जुन्या मालकालाच असतो.

सगळ्यात सोपा उपाय जुन्या पिनचा किंवा पॅटर्नचा. बऱ्याच फोनवर खात्याऐवजी रिसेटच्या आधीचा स्क्रीन लॉक चालतो. मालकाला तो आठवत असेल तर पासवर्डची गरजच पडत नाही. भावाच्या विक्रेत्याला पॅटर्न आठवेना. मग पासवर्ड, तर तोही विसरलेला. त्यानं स्वतःच्या दुसऱ्या फोनवरून गुगलचा पासवर्ड बदलला आणि दोघं लगेच प्रयत्न करायला बसले. मी त्यांना थांबवलं. पासवर्ड बदलल्यावर रिसेट केलेल्या फोनवर तो वापरायला 24 तास थांबावं, असं गुगलच सांगतं.

दुसऱ्या दिवशी विक्रेता भावाच्या घरी आला आणि स्वतःच्या हातानं खातं घातलं. मी हे आग्रहानं सांगते: व्हॉट्सअॅपवर पासवर्ड मागू नका, मालक असाल तर देऊ नका, ओटीपी तर नाहीच. त्या एका पासवर्डमागे त्या माणसाचे मेल, फोटो, कधी बँकेचे कागदही असतात. दूर राहत असेल तर फोन कुरिअरनं पाठवा, दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. फोन उघडला की काम संपत नाही. सेटिंग्जमधल्या खात्यांच्या यादीतून त्याचं खातं काढायचं, मग सेटिंग्जमधूनच पुन्हा रिसेट करायचं, आणि मग स्वतःचं खातं घालायचं. भावानं हा मधला रिसेट केला म्हणून विक्रेत्याचे परत आलेले संपर्क आणि मेल त्या फोनवर उरले नाहीत.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे, आणि थोडी सोयीची. तिथे `iPhone Locked to Owner` दिसतं. मालक घरबसल्या icloud.com/find वर जाऊन फोन निवडतो, पुसलेला नसेल तर पुसतो आणि खात्यातून काढून टाकतो. फोन त्याच्या हातात लागत नाही, पासवर्डही तुम्हाला कळत नाही. नंतर फोन बंद करून चालू करा आणि सेटअप पुन्हा सुरू करा.

मालक सापडतच नाही, तर? इथे पात्रता ठरते ती मूळ खरेदीच्या कागदावर. अॅपलकडे al-support.apple.com वर अर्ज करता येतो, पण फोन लॉस्ट मोडमध्ये नसावा, कंपनीच्या किंवा शाळेच्या ताब्यातला नसावा, आणि अर्जासोबत आयएमईआय किंवा सिरियल नंबर असलेला खरेदीचा पुरावा लागतो. विक्रेत्यानं साध्या कागदावर लिहून दिलेली पावती एवढ्यावर भिस्त ठेवू नका. अर्ज मंजूर झाला तर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. अँड्रॉइडच्या बाबतीत फोनच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं लागतं. करून द्यायचं की नाही हा निर्णय कंपनीचा. जाताना हे बरोबर घ्या: नंबर असलेलं मूळ बिल, बॉक्स, विक्रेत्याच्या सहीची विक्री पावती (तारीख, रक्कम आणि आयएमईआयसह), यूपीआयचा व्यवहार आणि स्वतःचं ओळखपत्र. बिलावर दुसऱ्याचं नाव असेल तर विक्री पावतीच तुमचं नाव त्या फोनशी जोडते.

पडद्यावर खात्याऐवजी फायनान्स कंपनीचं नाव आणि थकलेल्या हप्त्याचा मजकूर असेल, तर ते वेगळं कुलूप आहे. ते कर्ज फिटल्यावरच निघतं. विक्रेत्याकडून हप्ते भरून घ्या आणि कर्ज नसल्याचा दाखला मागा.

पाचशे रुपयांत "एफआरपी काढून देतो" म्हणणारे बरेच भेटतील. ते सेटअपच्या एखाद्या फटीतून आत शिरतात, आणि अपडेट किंवा रिसेटनंतर मागणी परत येऊ शकते. अँड्रॉइड 15 पासून तर सेटअप चुकवून आत गेलं तरी कुलूप निघत नाही. शिवाय फोन चोरीचा असेल तर तुम्ही जाणूनबुजून कुलूप काढलं, असाच अर्थ निघतो.

फोन दुकानातून घेतला असेल तर आधी दुकानदाराकडे लेखी मागणी करा, उघडून द्या नाहीतर पैसे परत करा. तो टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा, बिल जवळ ठेवून. ओळखीतल्या माणसाकडून घेतला असेल तर ही वाट नाही. तिथे आधाराला असतात विक्री पावती, पैसे दिल्याचा पुरावा आणि त्या माणसाचं सहकार्य.