द्वैतवाद (मन–शरीर) आणि मरणोत्तर अस्तित्व

माणूस म्हणजे केवळ शरीर नव्हे, शरीराहून स्वरूपतः वेगळे असे एक चेतन तत्त्व त्याच्या ठायी असते, या मताला मन–शरीर द्वैतवाद म्हणतात. मध्वाचार्यांच्या द्वैत वेदान्ताशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. धर्माच्या तत्त्वज्ञानात या मताचा विचार प्रामुख्याने एका प्रश्नासाठी होतो : असे वेगळे तत्त्व मान्य केले, तर शरीर पडल्यानंतर ते उरते हेही सिद्ध होते काय? प्रस्तुत नोंदीत सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आणि अद्वैत वेदान्ताचे आचार्य शंकराचार्य यांचे युक्तिवाद याच प्रश्नाच्या अंगाने पाहिले आहेत.

मराठीतून हा विषय शिकताना पहिली अडचण ‘मन’ या शब्दाचीच येते. न्यायदर्शनात मन हे अणुपरिमाण असलेले अंतरिंद्रिय आहे आणि ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. सांख्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची कार्ये असून चैतन्य फक्त पुरुषाचे आहे. त्यामुळे देकार्तने ज्याला मन म्हटले, त्यातील विचार, इच्छा व कल्पना यांचा बराच भाग सांख्यांच्या रेषेपलीकडे जडाच्या बाजूला पडतो. पुण्यातील महाविद्यालयांत पदवीच्या वर्गाला धर्माचे तत्त्वज्ञान मराठीतून शिकवताना ‘सांख्य हा मन–शरीर द्वैतवाद आहे’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. ते चूक आहे. सांख्य द्वैतवादी आहे, पण त्याची फाळणी मन आणि शरीर यांच्यामधून जात नाही. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मरणानंतर नेमके काय उरते याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे, हे पुढे दिसेल.

देकार्तचा ‘मेडिटेशन्स’ हा लॅटिन ग्रंथ १६४१ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच ईश्वराचे अस्तित्व व आत्म्याचे अमरत्व सिद्ध केल्याचे म्हटले होते. १६४२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या शीर्षकातून अमरत्व गेले आणि त्याच्या जागी ‘मानवी आत्म्याचा शरीराहून भेद’ असे शब्द आले. पहिले शीर्षक खुद्द देकार्तचे की छपाईची व्यवस्था पाहणाऱ्या मेर्सेनचे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ग्रंथासोबतच इतर विद्वानांचे आक्षेप व त्यांना देकार्तने दिलेली उत्तरे छापली होती; त्यांपैकी मेर्सेनने संकलित केलेल्या दुसऱ्या आक्षेपसंग्रहातच मात्र, या ग्रंथात आत्म्याच्या अमरत्वाविषयी एक अक्षरही नाही, अशी तक्रार आहे. देकार्तने उत्तरात भेद सिद्ध केल्याचा दावा सोडला नाही. तथापि, ईश्वराने आपल्या सामर्थ्याने आत्म्याचा अंत करायचे ठरवले असेल काय, हे मानवी बुद्धीला ठरवता येणार नाही, असे त्याने मान्य केले. दुसऱ्या आवृत्तीचे शीर्षक या कबुलीशी अधिक जुळते, म्हणून तेच देकार्तच्या विचाराचे प्रामाणिक वर्णन मानणे श्रेयस्कर वाटते.

भेदाचा मूळ युक्तिवाद ‘मेडिटेशन्स’च्या सहाव्या चिंतनात, म्हणजे शेवटच्या प्रकरणात आहे. ज्या दोन वस्तूंची एकमेकींवाचून स्पष्ट व विविक्त कल्पना करता येते, त्या ईश्वराला एकमेकींवाचून निर्माण करता येतील, म्हणून त्या भिन्न आहेत. मी विचार करणारा आहे एवढीच माझी कल्पना विस्ताराचा उल्लेख न करता पूर्ण होते, आणि शरीराची कल्पना विचाराचा उल्लेख न करता पूर्ण होते. यावरचा सर्वांत मार्मिक आक्षेप देकार्तचा समकालीन फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ आर्नो याचा आहे. अर्धवर्तुळात काढलेला त्रिकोण काटकोन त्रिकोण असतो हे एखाद्याला पक्के ठाऊक आहे, पण कर्णावरील चौरस उरलेल्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो हे त्याला माहीत नाही. तो म्हणेल, ‘काटकोन त्रिकोणाची मला स्पष्ट कल्पना आहे आणि तीत हा गुणधर्म नाही, म्हणून या गुणधर्मावाचूनही काटकोन त्रिकोण असू शकेल.’ निष्कर्ष उघडच खोटा आहे. त्याची कल्पना स्पष्ट होती, पण पुरी नव्हती. मग स्वतःविषयीची आपली कल्पना पुरी आहे हे कशावरून? देकार्तने उत्तर दिले की, त्रिकोण आणि त्याचा गुणधर्म ही दोन द्रव्ये नाहीत, मन आणि शरीर मात्र प्रत्येकी स्वयंपूर्ण द्रव्ये म्हणून कळतात. परंतु मन हे द्रव्य आहे की शरीराचा एक गुणधर्म, हाच तर वादाचा मुद्दा होता. त्यामुळे हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

शिवाय भेद सिद्ध झाला तरी अमरत्व दूरच राहते. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सीबीसने हीच शंका एका विणकराच्या दृष्टान्ताने मांडली आहे. म्हातारा विणकर आयुष्यात स्वतः विणलेली कित्येक वस्त्रे वापरून झिजवतो आणि त्या सगळ्यांहून अधिक टिकतो. तरी शेवटचे वस्त्र त्याच्यामागे उरतेच. जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेणाऱ्या माणसाचा दृष्टान्त गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (२.२२) आहे आणि तो मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. सीबीसची शंका त्यालाही लागू पडते : वस्त्रे बदलणारा वस्त्रांहून वेगळा आहे एवढे दृष्टान्ताने कळते, वस्त्रे बदलणे कधीच थांबणार नाही हे कळत नाही. गीतेत ते काम दृष्टान्ताचे नाही. आत्मा अच्छेद्य व नित्य असल्याचे त्याच्या आगेमागे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

भारतीय परंपरेत या वादाचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेले प्रतिपक्षाचे मत, देहात्मवादाचा आहे : देह हाच आत्मा, असे चार्वाक हे जडवादी मानतात. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मते प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून गोळा करावी लागतात. त्यांतील सर्वाधिक वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’. त्याचा कर्ता परंपरेने माधवाचार्य मानला जातो, पण काही अभ्यासक तो चेन्नीभट्टाचा मानतात. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी स्वतःच्या संस्कृत टीकेसह केलेली त्याची आवृत्ती १९२४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. किण्व म्हणजे मद्य आंबवण्याचे द्रव्य; अशा द्रव्यांत एकेकट्याने नसलेली मादकता त्यांच्या मिश्रणात जशी उत्पन्न होते, तसे चार भूतांच्या देहरूप संघातात चैतन्य उत्पन्न होते, हा चार्वाकांचा प्रसिद्ध दृष्टान्त तेथे आहे. शंकराचार्यांच्या नावावर मोडणाऱ्या, पण बहुधा त्यांचा नसलेल्या ‘सर्वसिद्धान्तसंग्रहा’त विड्याचे पान, सुपारी आणि चुना यांच्या संयोगाने येणाऱ्या लालीचा दृष्टान्त येतो. (आपल्याकडच्या विड्यात कात असतो आणि तो मुळातच तांबूस असल्याने दृष्टान्ताची धार थोडी बोथट होते, श्लोकात काताचा उल्लेख नाही.)

शंकराचार्यांचे उत्तर ब्रह्मसूत्र ३.३.५३–५४ वरील भाष्यात आहे. आचार्यांचा काळ सामान्यतः आठवे शतक मानला जातो. ७८८ ते ८२० ही रूढ सनावळी सर्वमान्य नाही. हे अधिकरण, म्हणजे एका विषयावरील सूत्रांचा हा गट, मुळात कोठले, हाही प्रश्न आहे. आत्म्याच्या अस्तित्वाची चर्चा शबरस्वामींच्या मीमांसाभाष्यात प्रारंभीच येते, पण तेथे तिला आधारभूत सूत्र नाही. शबरांनी ती ब्रह्मसूत्रांतील या अधिकरणातूनच नेली, आणि प्राचीन वृत्तिकार उपवर्षांनी तो विषय ‘शारीरकात’, म्हणजे ब्रह्मसूत्रांच्या विवेचनात, ‘सांगू’ म्हणून पुढे ढकलला होता, असे शंकराचार्य म्हणतात. उपवर्षांची वृत्ती उपलब्ध नसल्याने या विधानाची पडताळणी करता येत नाही.

पूर्वपक्ष असा : देह असेल तर चैतन्य असते, नसेल तर नसते, म्हणून उष्णता जसा अग्नीचा धर्म, तसे चैतन्य हा देहाचा धर्म. भाष्यातील उत्तरापैकी तीन पायऱ्या येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रेतात देह असतो, त्याचा रंग व आकारही असतो, पण प्राणाची हालचाल व स्मृती नसते. तेव्हा देह असताना चैतन्य असतेच असे नाही. दुसरी, देह नसताना चैतन्य नसते हे ठरवणार कसे? ते दुसऱ्या देहात गेलेले असू शकेल. त्याचा अभाव कोणी पाहिलेला नाही, आणि ‘संशयमात्रेणापि’, म्हणजे नुसत्या संशयानेही, प्रतिपक्ष मोडतो, असे आचार्य म्हणतात. तिसरी पायरी दिव्याची. दिवा असला की वस्तू दिसते, विझला की दिसत नाही, पण एवढ्यावरून दिसणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा उपकरण आहे. देहही तसाच असू शकेल.

पहिली पायरी आज दुबळी भासते, कारण देहात्मवादी म्हणेल की चैतन्य हा कोणत्याही देहाचा नव्हे, चालू स्थितीतील मेंदूचा धर्म आहे आणि प्रेतात नेमके तेच थांबलेले असते. दुसरी व तिसरी मात्र आजही टिकते. त्यांची मर्यादा शंकराचार्यांच्या शब्दांतच आहे : संशयाने प्रतिपक्ष मोडतो, स्वपक्ष उभा राहत नाही. भाष्यकाराला त्याची अडचण नाही, कारण परलोकगमनाचे प्रमाण त्याच्या मते श्रुती, म्हणजे वेदवचन, आहे आणि तर्काने फक्त वाट मोकळी करायची आहे. श्रुतिप्रामाण्य न मानणाऱ्या वाचकापुढे मात्र मोकळी वाट तेवढी उरते.

दिव्याच्या दृष्टान्ताची कसोटी एका परिचित उदाहरणावर घेता येईल. सदाशिव पेठेतील एका वाड्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत असे समजू. स्मृतिभ्रंश सुरू झाल्यावर त्या आधी नातवंडांची नावे विसरतात, मग घरचा रस्ता. इथवर दृष्टान्त चालतो : ज्योत मंद झाली, वस्तू अंधूक दिसू लागल्या. पण पुढे, जन्मभर कोणावर अविश्वास न दाखवलेल्या या बाई सुनेने पाटल्या चोरल्याचा आरोप करू लागतात. येथे काही दिसेनासे झालेले नाही; नवेच काही दिसू लागले आहे, आणि स्वभाव बदलला आहे. मंद दिवा वस्तू लपवतो, नसलेली वस्तू दाखवत नाही, असा आक्षेप यावर घेता येतो. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९७ च्या आपल्या अमरत्वविषयक व्याख्यानात मेंदूचे कार्य विचार उत्पन्न करण्याचे नसून पलीकडचे चैतन्य आत येऊ देण्याचे असू शकेल, असे सुचवताना रंगीत काचेची उपमा वापरली होती. ती दिव्याहून सोयीची आहे, कारण काच प्रकाश अडवते आणि रंगवतेही. पण मग शिक्षिकेचा आधीचा विश्वासू स्वभाव हाही काचेचाच रंग ठरण्याचा धोका आहे, आणि काच फुटल्यावर उरणारा निव्वळ प्रकाश ‘त्या’ शिक्षिका असतील असे म्हणणे कठीण होते.

नोंदीच्या आरंभीचा ‘मन’ शब्दाचा भेद येथे कामी येतो. गीतेत (१५.७–८) जीव देह सोडताना मन व इंद्रिये बरोबर नेतो, वारा जसा फुलातून गंध नेतो, असे म्हटले आहे. स्वभाव व संस्कार यांना वाहणारे सूक्ष्म शरीर वेदान्त वेगळे मानतो आणि व्यक्तीचे सातत्य त्यावर सोपवतो. यामुळे व्यक्ती टिकते, परंतु स्थूल मेंदूतील बिघाडाने त्या सूक्ष्म मनाचे कार्य का बिघडावे, हे सांगण्यासाठी पुन्हा उपकरणाचाच आश्रय घ्यावा लागतो. अशरीर मन शरीराला हलवते कसे, असा प्रश्न बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये देकार्तला पत्रातून विचारला होता; सूक्ष्म शरीर मानल्याने तो सुटत नाही, एक पायरी मागे जातो.

मरणोत्तर अस्तित्वासाठी द्वैतवाद अपरिहार्य नाही, हेही नोंदवले पाहिजे. ईश्वर मृताची हुबेहूब प्रतिकृती अन्यत्र निर्माण करील, अशी पुनरुत्थानाची मांडणी विसाव्या शतकात इंग्रज धर्मतत्त्वज्ञ जॉन हिकने केली. बौद्ध परंपरेत तर आत्मा न मानताच पुनर्जन्म मानला जातो. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्यासाठी दिव्याचाच दृष्टान्त देतो : एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून दुसऱ्यात काही जाते काय? राजा म्हणतो, नाही.