लघवीची जळजळ आणि पाच दिवसांचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही दवाखान्यात बसलं तर 'उन्हाळी लागली' ही तक्रार रोज कानावर येते. लघवीला जळजळ होते, रंग गडद पिवळा असतो. घाम फार, पाणी कमी, म्हणून लघवी दाट झालेली असते. शहाळं, कोकम सरबत, धन्या-जिऱ्याचं पाणी पोटात गेलं, दोनचार वेळा मोकळी लघवी झाली की यातल्या बऱ्याच जणींना बरं वाटतं. त्यांना अँटिबायोटिकची गरज नसते.

पण त्याच रांगेत एखादी वेगळी असते. वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात कामाला जाणारी चोवीस वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणू या. कालपासून तिला दर पंधरा मिनिटांनी घाई लागते. गेल्यावर चार थेंब होतात आणि शेवटी कळ येते. ओटीपोटात दुखतं आहे. सकाळी लघवीत किंचित लालसर छटा दिसली. भरपूर पाणी पिऊनही फरक नाही. ताप नाही, कंबरेच्या वर कुशीत दुखत नाही, उलटी नाही, अंगावरून पांढरं जात नाही, पाळी चुकलेली नाही, मधुमेह नाही, आधी मुतखडा झालेला नाही. जळजळ आणि वारंवार घाई दोन्ही आहेत आणि योनीमार्गाची तक्रार नाही, अशा वेळी मूत्राशयाचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. लघवीची साधी तपासणी केली तर ठीक. पण पहिल्याच खेपेला कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत तिला तीन दिवस कळा सोसायला लावायचं कारण नाही.

आता प्रश्न उरतो, औषध किती दिवस द्यायचं? गावात दोन टोकं दिसतात. एकीकडे मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या, दुसरीकडे दहा-चौदा दिवसांची लांबलचक चिठ्ठी. दोन्ही चुकतात. आणि याचं उत्तर दिवस मोजून मिळत नाही. लघवीत औषध किती वेळ पुरेशा प्रमाणात टिकतं, ते मोजावं लागतं.

हे असं का, ते जंतू कुठे बसलाय यावरून कळतं. दहापैकी सातआठ वेळा हा जंतू म्हणजे इ. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने तो सहज वर चढतो. (लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा त्रास जास्त दिसतो, कारण संबंधांच्या वेळी जंतू वर ढकलले जातात. यात त्या मुलीच्या स्वच्छतेचा दोष काढण्यासारखं काही नसतं आणि घरातल्यांनी तो काढूही नये.) मूत्राशयात पोचल्यावर इ. कोलाय आपल्या अंगावरच्या बारीक तंतूंनी आतल्या अस्तराला चिकटतो, लघवीच्या धारेने धुऊन जात नाही, आणि काही जंतू अस्तराच्या वरच्या पेशींत शिरतात. तरीही हे सगळं वरवरचं असतं. चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ आणि भिंतीत शिरलेलं पिंपळाचं मूळ यांत जो फरक, तोच मूत्राशयाच्या आणि मूत्रपिंडाच्या संसर्गात आहे. अस्तरावर बसलेल्या जंतूला चहूबाजूंनी लघवीच भिडलेली असते. त्यामुळे रक्तात औषध फारसं नसलं तरी चालतं, लघवीत ते भरपूर हवं.

नायट्रोफ्युरंटॉइन हे १९५० च्या दशकातलं जुनं औषध इथे नेमकं बसतं. रक्तात ते तासाभराच्या आत निम्म्यावर येतं, पण मूत्रपिंडं ते गाळून लघवीत साठवतात आणि तिथे त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट होतं. जंतूच्या स्वतःच्याच विकरांमुळे त्याचे विषारी तुकडे होतात आणि ते जंतूच्या अनेक यंत्रणांवर एकाच वेळी घाव घालतात. इतकी वर्षं वापरूनही या औषधाला न जुमानणारे इ. कोलाय तुलनेने कमी राहिले, त्याचं हे एक मोठं कारण आहे. मात्र प्रत्येक डोसचा अंमल काही तासच असतो आणि प्रत्येक लघवीबरोबर ते बाहेर जातं. म्हणून सावकाश सुटणारी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. एकूण दहा कॅप्सूल. ब्रिटनमध्ये हीच मात्रा तीन दिवस देतात. आपल्याकडे आणि अमेरिकेत पाच दिवसांचा प्रघात आहे आणि मला तो सुरक्षित वाटतो.

फॉस्फोमायसिनची गोष्ट उलटी. ३ ग्रॅमची एक पुडी ग्लासभर पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची, शक्यतो रात्री, जेवून दोनतीन तास झाल्यावर, लघवी करून आल्यावर. लोकांना वाटतं एका दिवसाचा उपचार झाला. प्रत्यक्षात ते औषध लघवीत जंतू मारण्याइतकं दोन दिवस, कधी त्याहून जास्त टिकून राहतं. म्हणजे घोट एकच, पण अंमल तीन दिवसांच्या गोळ्यांच्या जवळ जाणारा. पुडी घेतल्यावर दुसऱ्या दिवशीही जळजळ आहे म्हणून दुसरी पुडी आणायची घाई करू नये. सूज उतरायला दोनतीन दिवस लागतात.

तिसरं औषध को-ट्रायमॉक्साझोल. दुप्पट ताकदीची गोळी दिवसातून दोनदा, तीन दिवस. सल्फाची ॲलर्जी असेल तर अजिबात नको. आणि आपल्याकडे त्याला न जुमानणारे जंतू इतके आहेत की रिपोर्टमध्ये ते चालतं असं दिसल्याशिवाय मी ते निवडणार नाही.

मग एका पुडीवर सगळं भागत असेल तर पाच दिवस कशाला? हा प्रश्न थेट तपासला गेला आहे. स्वित्झर्लंड, पोलंड आणि इस्रायलमधल्या ५१३ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फॉस्फोमायसिनची एक पुडी, दुसऱ्याला नायट्रोफ्युरंटॉइन पाच दिवस. अठ्ठावीस दिवसांनी पाहिलं तेव्हा पाच दिवसांच्या गटातल्या ७० टक्के जणी पूर्ण बऱ्या होत्या, एका पुडीच्या गटातल्या ५८ टक्के. तिथे नायट्रोफ्युरंटॉइन दिवसातून तीनदा दिलं होतं, ही बाब लक्षात ठेवायला हवी. तरी कल स्पष्ट आहे. जिला दोन वेळा कॅप्सूल घेणं जमतं तिला पाच दिवस द्यावेत. जिला घरी चार माणसांसमोर गोळ्या घेणं अवघड आहे, जी विसरणार हे दिसतंच आहे, तिला एक पुडी द्यावी. अर्ध्यात सोडलेल्या पाच दिवसांपेक्षा पुरी घेतलेली एक पुडी बरी.

उलट बाजूने पाहिलं, तर पाचचे दहा दिवस केल्याने काय मिळतं? तीन दिवसांचे आणि त्याहून लांब उपचार यांची तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेत. त्रास थांबण्यात फरक पडला नाही. लघवीतले जंतू पूर्ण जाण्याचं प्रमाण लांब उपचारात थोडं जास्त होतं, पण मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ असे त्रासही वाढले. ज्या मुलीला आता काहीच होत नाहीये तिच्या लघवीत उरलेल्या चार जंतूंपायी आणखी आठवडाभर औषध द्यावं, असं मला वाटत नाही. अँटिबायोटिक जितके दिवस पोटात जातं तितके दिवस आतड्यातले साधे जंतू मरतात आणि त्या औषधाला न जुमानणाऱ्यांना जागा मिळते. पुढचा संसर्ग त्याच आतड्यातून येणार असतो.

दोन गोळ्यांचं प्रकरण वेगळ्या कारणाने फसतं. मेडिकलमधून बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन मिळतं. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत लघवीतल्या इ. कोलायपैकी निम्म्याहून जास्त जंतू या गटाला दाद देत नाहीत. रुग्णालयात पोचलेले रुग्ण जास्त अवघड असतात, म्हणून गावातलं चित्र थोडं बरं असेल, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. शिवाय स्नायूबंध आणि नसांवरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्येच सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्राशय-संसर्गाला ही औषधं वापरू नयेत.

काजू कारखान्यातल्या त्या मुलीला नायट्रोफ्युरंटॉइन दिलं असं धरू. कॅप्सूल जेवणावर किंवा पेजेवर घ्यायची. अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते आणि मळमळ कमी होते. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर तो औषधाचा रंग, घाबरायचं नाही. आणि इथे एक चूक फार सर्रास होते. जळजळीसाठी म्हणून लघवी अल्कधर्मी करणारं सिरप किंवा पुडी सोबत लिहिली जाते. नायट्रोफ्युरंटॉइन आम्लधर्मी लघवीत उत्तम चालतं, लघवी अल्कधर्मी झाली की त्याचा जोर कमी होतो. म्हणजे एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्याने ते निकामी करायचं. कळ असह्य असेल तर पॅरासिटामॉल घ्यावं, सिरप नको. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर औषध लघवीत पोचतच नाही, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर त्याने रक्तपेशी फुटू शकतात. या दोन्हींबद्दल आधी विचारून घ्यायला हवं.

पहिल्या दिवसाच्या शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी घाई कमी व्हायला लागते. तिसऱ्या दिवशी ती कारखान्यात नेहमीसारखी बसू शकली तर गाडी रुळावर आहे. तरी उरलेल्या चार कॅप्सूल संपवायच्या, कारण पाच दिवसांचा अंदाज दहाच्या दहा कॅप्सूल धरून केलेला आहे. त्रास गेला तर नंतर लघवी तपासायची गरज नाही.

अठ्ठेचाळीस तासांत काहीच उतार पडला नाही, तर दिवस वाढवून उपयोग नाही. जंतू औषधाला दाद देत नसेल, किंवा दुखणंच दुसरं असेल. तेव्हा कल्चर करायचं. थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असं समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे. मूत्रपिंडाच्या मांसात नायट्रोफ्युरंटॉइन पुरेसं पोचत नाही आणि एका पुडीवरही विसंबता येत नाही. तिथे रक्तात आणि ऊतींत भरणारं औषध हवं. लहान कोर्सचा हा हिशेब गरोदर स्त्रीला, मधुमेह किंवा मुतखडा असणारीला, कॅथेटर घातलेल्या रुग्णाला आणि पुरुषांना जसाच्या तसा लागू होत नाही. पाळी चुकली असेल तर आधी गर्भतपासणी.

आणि बरं वाटून दोन आठवड्यांच्या आत तीच जळजळ परत आली, तर उरलेली जुनी पट्टी शोधायची नाही. लघवीचा मधल्या धारेचा नमुना कल्चरला द्यायचा, पहिल्या औषधाला जंतू सरावला आहे असं धरून दुसरं औषध सुरू करायचं, आणि या खेपेला सात दिवस.