'नेटवर्क'मधली यादी का हरवली?

खानापुरातील मामांच्या घरी भजनी मंडळाची वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे जुन्या संगणकावर साठवलेली आहेत. पूर्वी त्यांच्या फोनवरील ॲपमध्ये 'नेटवर्क' उघडले की संगणकाचे नाव दिसे आणि त्यावर बोट ठेवले की फोल्डर उघडे. नवे विंडोज टाकल्यावर काही दिवसांनी ती यादी कोरी झाली, आणि राउटर बदलूनही कोरीच राहिली.

फोल्डर उघडून देणारी एसएमबी ही पद्धत आयबीएममध्ये 1980च्या दशकात आकाराला आली. 1990च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती युनिक्स या संगणकप्रणालीवर आणली आणि त्यातून सांबा हे मोफत सॉफ्टवेअर उभे राहिले. नेटवर्कला जोडून फायली ठेवण्याच्या आजच्या अनेक साठवण पेट्यांच्या आत तेच चालते. यादी तयार करण्याचे काम मात्र वेगळेच होते. नेटवर्कवरील यंत्रे आपसांत निवडणूक घेऊन एकाला यादी सांभाळायला नेमत आणि बाकीची साधारण दर बारा मिनिटांनी आपण हजर असल्याची दवंडी पिटत. त्यामुळे अचानक बंद पडलेला संगणक अर्ध्या तासाहून अधिक काळ यादीत तसाच दिसे.

ही यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर टेकलेली होती. मे 2017मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला. वर्षअखेरीस आलेल्या विंडोज 10च्या 1709 आवृत्तीत एसएमबीची ही पहिली आवृत्ती मूलभूत मांडणीतून वगळण्यास सुरुवात झाली, आणि जिथे ती उरली तिथेही एकूण पंधरा दिवस वापरली न गेल्यास ती आपोआप निघून जाई. सांबाने 2019मध्ये 4.11 आवृत्तीत तिला मुळातच बंद ठेवले. विंडोजने यादीसाठी दुसरी पद्धत आणली, पण अनेक फोन ॲप ती ओळखत नाहीत. शिवाय अँड्रॉइडवरील बरीच जुनी ॲप जे-सीआयएफएस या तयार कोडच्या संचावर बांधलेली होती, ज्याला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येत असे.

मामांकडे म्हणूनच यादीला फाटा देऊन पत्ताच टाकून पाहिला. संगणकावर `ipconfig` चालवून मिळालेला आकडा फोनमध्ये असा लिहिला:

```
smb://192.168.1.20
```

जुन्या ॲपने जोडणी नाकारली, तर त्याच पत्त्यावर नव्या ॲपने वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारला. म्हणजे वाय-फाय आणि फायरवॉल ठीक होते, अडचण आवृत्तीची होती. (पासवर्डाच्या जागी मामांनी आधी संगणक उघडण्याचा पिन टाकला, तो नेटवर्कवर चालत नाही.) नव्या ॲपलाही जोडणी मिळाली नसती, तर फोन राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर आहे का हे आधी पाहावे लागले असते, कारण तिथे घरातील यंत्रे सहसा एकमेकांपासून तोडलेली असतात.

यादी अजूनही कोरीच आहे. मामांनी पत्ता ॲपमध्ये जतन केला, आणि राउटरमध्ये संगणकासाठी तोच आकडा राखून ठेवला. एरवी वीज जाऊन आल्यावर राउटर संगणकाला नवा आकडा देऊ शकतो आणि जतन केलेला पत्ता निरुपयोगी होतो.