गायत्री मंत्रात एक अक्षर कमी का आहे?

गायत्री छंदात तीन चरण असतात, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण चोवीस. आता ज्याची मुंज झालीय त्याने (आणि ज्यांची झाली नाही त्यांनीही, पाठ तर सगळ्यांनाच असतो) बोटांवर मोजून बघा. भर्गो देवस्य धीमहि, आठ. धियो यो नः प्रचोदयात्, आठ. आणि पहिला चरण, तत्सवितुर्वरेण्यम्... सात! एक अक्षर गायब.

जुन्या छंदशास्त्राला हे माहीत होतं, त्यांनी सांगून ठेवलंय की मोजताना वरेण्यम् ऐवजी 'वरेणियम्' धरा. म्हणजे हा मंत्र रचला तेव्हा तो शब्द बहुधा तसाच सुटा उच्चारत असणार, पुढे बोलण्याची पद्धत बदलली आणि दोन अक्षरं जोडली गेली. पण गंमत यापुढे आहे. छंद तुटतोय हे दिसत असूनही वेदपाठात तो शब्द दुरुस्त केला गेला नाही. मोजायचं वेगळं, म्हणायचं मात्र आलंय तसंच. तोंडी परंपरेत असं सहसा होत नाही हो, लोक जिथे खटकतं तिथे नकळत नीट करून टाकतात. आपल्या सिंधुदुर्गातला दशावतार घ्या, लिहिलेली संहिता नसते, कथा सगळ्यांना ठाऊक, पण राजा आज जे बोलेल तेच उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत बोलेल असं नाही, आणि तीच तर मजा. तिथे कथा जपली जाते, शब्द नाही. हा मंत्र ज्यात आहे त्या ऋग्वेदाच्या बाबतीत उलट आहे, अर्थ कळो न कळो, शब्द हलता कामा नये.

हे नुसत्या श्रद्धेने होत नाही, त्यासाठी पद्धत लागते. ऋग्वेदाची पहिलीच ओळ घेऊ. संहितेत, म्हणजे शब्द जोडून म्हणायच्या मूळ पाठात, म्हणतात 'अग्निमीळे पुरोहितम्'. समजा एखाद्या पोराने ऐकताना चुकीचं तोडलं आणि त्याच्या डोक्यात 'अग्नि मीळे' असं बसलं. तो म्हणेल तेव्हा गुरुजींना फरक ऐकूच येणार नाही, कारण दोन्ही एकसारखंच वाजतं, आणि उद्या तोच पोरगा गुरुजी झाला की चूक पुढच्या पिढीत जाणार. म्हणून संहितेनंतर पदपाठ शिकवतात, त्यात प्रत्येक शब्द सुटा, अग्निम्, ईळे, पुरःहितम्. मग क्रमपाठ, त्यात दोन दोन शब्दांच्या जोड्या, म्हणजे अग्निमीळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितं यज्ञस्य, असं एकेक शब्द पुढे सरकत. यामुळे शब्दांची साखळी बांधली जाते. ऋग्वेदात सारखे वाटणारे चरण भरपूर आहेत, पाठ म्हणताना एका सूक्तातून दुसऱ्यात घसरणं अगदी सोपं, पण जोडीने म्हटलं की पुढचा शब्द मागच्याला धरून राहतो.

त्यापुढे जटा. जोडी सरळ, उलटी, परत सरळ: अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे. आता आपल्या त्या पोराला पकडा. त्याच्या डोक्यात 'मीळे' असेल तर उलटं म्हणताना तो 'मीळेऽग्नि' म्हणेल आणि ज्याला पाठ बरोबर येतो तो 'ईळेऽग्निम्' म्हणेल, म्हणजे जी चूक सरळ म्हणताना लपली होती ती उलटं केल्यावर सगळ्या पाठशाळेला ऐकू येते. शब्द उलटे केले की संधी बदलतो आणि शब्दाची दोन्ही टोकं उघडी पडतात, हेच यातलं खरं कौशल्य. घनपाठात तिसरा शब्दही येतो: अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे पुरोहितं पुरोहितमीळेऽग्निमग्निमीळे पुरोहितम्, मग एक शब्द पुढे सरकून परत तेच. हिशोब केला तर मधला कुठलाही शब्द या फेऱ्यांमध्ये 13 वेळा तोंडातून जातो, वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. असं अख्ख्या संहितेचं करतो तो घनपाठी. देवळात मंत्रजागर असेल तेव्हा थोडं थांबून ऐका, जे गोल गोल फिरल्यासारखं वाटतं ते हेच असतं.

दुसरा चेक म्हणजे अंतर. आपल्या कोकणातले ऋग्वेदी आणि केरळचे नंबुद्री, दोघांचीही शाकल शाखा, म्हणजे पाठाची परंपरा एकच, पण उच्चाराची ढब इतकी वेगळी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेगळं काहीतरी वाटावं, पण शब्दाला शब्द लावून पाहिला की पाठ एकच.

पण याला मर्यादा आहे, आणि ती लोक सांगत नाहीत. ही यंत्रणा पदपाठावर उभी आहे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्य नावाच्या आचार्याने केला, तो पाणिनीच्या आधीचा, कारण पाणिनी त्याचं नाव घेतो. म्हणजे शाकल्याच्या हाती जे आलं ते गोठलं. त्याआधी वरेणियम् चं वरेण्यम् झालं असेल तर तेही तसंच गोठलं! कुलूप पक्कं आहे पण ते लावलं तेव्हा आत जे होतं तेच सांभाळलं गेलंय. शाकल्याच्या हाताखालून काय गेलं नाही तेही दिसतं. सहा ऋचांचा पदपाठ त्याने केलेलाच नाही, आणि त्यातली एक आपल्या घराघरातली आहे, त्र्यंबकं यजामहे. संहितेत ती आहे, सातव्या मंडलात, पण सुटी पदं नाहीत. अभ्यासक यावरून म्हणतात की या ऋचा संहितेत मागाहून आल्या असाव्यात, किंवा निदान शाकल्याला त्या मूळच्या वाटल्या नसाव्यात.

दुसरी मर्यादा जास्त भयंकर. पतंजली महाभाष्यात ऋग्वेदाच्या 21 शाखा सांगतो. आज देशभर जी ऐकू येते ती जवळजवळ सगळी शाकलच. तोंडी पाठ झिजत नाही, म्हणणारी शेवटची माणसं गेली की तो एका फटक्यात जातो, अर्धामुर्धा उरतच नाही.

मग लिहून का नाही ठेवलं? लिपी होती की. पण लिहिण्याला विरोध होता, पाणिनीय शिक्षेत सहा वाईट पाठक सांगितलेत त्यात 'लिखितपाठक', म्हणजे बघून वाचणारा, चक्क मान हलवत म्हणणाऱ्याच्या पंगतीत. अल्‌बेरुनी सुमारे 1030 साली लिहितो की काश्मीरच्या वसुक्र नावाच्या पंडिताने नुकताच वेद लिहून काढला, कारण लोक विसरतील अशी भीती वाटली. पुण्यात भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची हस्तलिखितं आहेत, 2007 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्यातलं सगळ्यात जुनं तारीख असलेलं 1464 चं. एवढ्या जुन्या ग्रंथाची पोथी एवढी अलीकडची, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्काच बसतो. कागद, ताडपत्र, भूर्जपत्र सगळं कुजतंच, आणि आपल्याकडे तर चार महिने पाऊस, पोटमाळ्यावरच्या पोथीला एकदा वाळवी किंवा कसर लागली की संपलं. म्हणून पोथी टिकवायची म्हणजे दर काही पिढ्यांनी नवी नक्कल करायची.

आणि नक्कल आली की चुका आल्या. डोळा एका ओळीतल्या शब्दावरून खालच्या ओळीतल्या तशाच शब्दावर उडी मारतो आणि मधलं सगळं गळतं. प आणि ष, घ आणि ध एकमेकांत जातात. समासात कुणीतरी लिहिलेली टीप पुढचा लेखक मजकुरात घेतो. वेदाच्या पोथीत अशी चूक झाली तर वाचणाऱ्याला मूळ तोंडपाठ असतं, तो जागीच सुधारतो. ज्या ग्रंथाला घनपाठ नाही त्याचं काय?

ज्ञानेश्वरीचं बघा. 1290 ची रचना, आणि तीनशे वर्षांच्या आत प्रतींमध्ये इतके पाठभेद झाले की एकनाथांना बसून त्या ताडून पाहाव्या लागल्या, 1584 मध्ये त्यांनी शुद्ध प्रत तयार केली. इथे उलटा पाठ, जटा असलं काही नव्हतं. ओवी सोपी, भाषा आपली, कुणीही दोन ओव्या जोडाव्यात आणि त्या मुळातल्याच वाटाव्यात. म्हणून नाथांनी शेवटी ताकीद देऊन ठेवली, की जो यात आपली मराठी ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे आपली करवंटी.