‘आणखी काय घेता?’ या प्रश्नामागची गोष्ट

शनिवार पेठेतल्या माझ्या आत्याला, वय बहात्तर, डॉक्टरांनी विचारलं, ‘काकू, औषधं कुठली चालू आहेत?’ ती म्हणाली, ‘फक्त झोपेची गोळी, बाकी काही नाही.’ आदल्या आठवड्यात ती रात्री बाथरूमला जाताना धडपडली होती. सकाळी दहापर्यंत डोळे मिटत, बोलताना जीभ जड होई. डॉक्टरांनी सांगितलं, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या-बाटल्या पिशवीत घालून आणा.

या पिशवीमागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

1903 साली बार्बिटल हे झोपेचं औषध निघालं आणि त्याच्या जातीची बार्बिट्युरेट औषधं पुढची पन्नास-साठ वर्षं चिंतेवर नि निद्रानाशावर सर्रास दिली गेली. त्यांचा गुण येणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं. त्यात दारू पडली की ते अंतरही उरत नसे. कारण मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन ज्या दारातून काम करतं, ते दार मोठ्या डोसमध्ये ही औषधं स्वतःच उघडून धरतात. मग श्वास चालवणारं केंद्रही झोपी जातं.

म्हणून 1960 मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि 1963 मध्ये डायझेपाम बाजारात आलं, तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. पहिलं रसायन लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत काही वर्षं नुसतं पडून होतं. 1957 मध्ये आवराआवर करताना ते हाती लागलं आणि तपासणीला गेलं. ही बेन्झोडायझेपिन औषधं दार स्वतः उघडत नाहीत, गाबा असेल तर त्याचा जोर वाढवतात. त्यामुळे त्यांच्या परिणामाला एक वरची मर्यादा राहते. एकटी गोळी जास्त पोटात गेली तरी माणूस सहसा वाचतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही याच घराण्यातली.

घोळ झाला तो ‘एकटी’ या शब्दावर. ‘सुरक्षित’ हे विशेषण लोकांच्या लक्षात राहिलं, अट विसरली गेली. दारूही त्याच गाबाच्या वाटेने मेंदू मंदावते. ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं वेगळ्या वाटेने, पण थेट श्वासाच्या केंद्रावर बसतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला तरी मेंदूला ‘श्वास घे’ अशी हाक जात नाही. यांपैकी एकही बेन्झोडायझेपिनच्या जोडीला आलं की ती मर्यादा संपते. अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये अशी वेदनाशामकं, तसली खोकल्याची औषधं आणि बेन्झोडायझेपिन या सर्वांवर चौकटीतला इशारा छापायला लावला.

आता आत्याची पिशवी. अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम, रात्री. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी, दिवसातून दोनदा. आणि अश्वगंधारिष्ट, दोन्ही जेवणांनंतर चार चमचे. ‘ते काय औषध आहे का? काढा तो!’ ही तिची बाजू. बाटलीवर मात्र बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल, पाच ते दहा टक्के. दिवसाला चाळीस मिलिलिटर म्हणजे साधारण तीन मिलिलिटर अल्कोहोल, एका छोट्या पेगचा पाव हिस्सा. एवढ्याने कुणी पडत नाही, ते सगळं त्या बाटलीवर ढकलणं अन्यायाचं होईल. मुख्य जोडी अल्प्राझोलाम-ट्रामाडॉलची. पण अश्वगंधाही थोडी गुंगी आणते आणि या वयात अल्प्राझोलाम शरीरातून सावकाश बाहेर पडतं.

एक गोळी गल्लीतल्या दुकानातून आलेली, दुसरी दवाखान्याजवळच्या. 2014 पासून या दोन्ही औषधांना एच-1 अनुसूची लागू आहे, म्हणजे दुकानदाराने वहीत पेशंट, डॉक्टर आणि नग यांची नोंद ठेवायची. दोन्ही वह्यांत आत्याचं नाव नीट होतं. पण एक वही दुसरीला भेटत नाही.

दारू पिणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. ‘शनिवारी बसायचं असलं की मी गोळी टाळतो,’ असं सांगणारे पुष्कळ. पण अल्प्राझोलामचा निम्मा भाग उतरायलाच सुमारे अकरा तास लागतात, क्लोनाझेपामला तर दिवसाहून जास्त. आदल्या रात्रीची गोळी पेगच्या वेळी रक्तात असतेच. शिवाय रोजची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. घोरणं विचित्र झालं, श्वास फार सावकाश पडतोय, हलवूनही माणूस उठत नाही, ओठ निळसर दिसतायत, तर ‘चढलीय, झोपू दे’ म्हणू नये, 108 लावावा.

डॉक्टरांनी आत्याचं ट्रामाडॉल थांबवलं, गुडघ्याला साधं पॅरासिटामॉल दिलं आणि अल्प्राझोलाम काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं ठरवलं. तोवर अरिष्टही बंद. बाहेर रिक्षात बसल्यावर तिला आठवलं, खोकल्याचं सिरप घरीच राहिलं होतं.