इम्युलेशन आणि बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी

जुन्या यंत्रासाठी तयार केलेला गेम नव्या यंत्रावर चालणे म्हणजे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. इम्युलेशन हे ती साधण्याचे एक तंत्र आहे. त्यात एक प्रोग्रॅम जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आज्ञा वाचतो आणि नव्या प्रोसेसरला समजतील अशा आज्ञांमध्ये त्या दुभाष्यासारख्या उलगडून पार पाडतो. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी हा निर्मात्याने ग्राहकाला दिलेला शब्द असतो, आणि तो कोणत्या मार्गाने पाळायचा हे निर्माता ठरवतो. जुनी चिप नव्या डब्यात बसवता येते, नवी चिप जुनीसारखी वागेल अशी घडवता येते किंवा इम्युलेटर लिहिता येतो. उलट इम्युलेटर कोणालाही लिहिता येतो. त्यासाठी निर्मात्याच्या शब्दाची गरज नसते. म्हणून या दोन संज्ञा एकमेकींच्या विरोधी मानणे चूक आहे, आणि एकच समजणेही चूक आहे.

सोनीच्या प्लेस्टेशन मालिकेत हे सगळे मार्ग एकापाठोपाठ एक वापरले गेले. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर प्रत्यक्ष बसवलेला होता. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरे जोडण्यांचे काम ३६.८६४ मेगाहर्ट्झ वेगाने करी. जुनी डिस्क घातली की तोच मुख्य प्रोसेसर होई आणि त्याचा वेग ३३.८६८८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या नेमक्या वेगावर उतरे. वेग जास्त असेल तर गेम बरा चालेल, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे अभियंत्यांनी तो मुद्दाम कमी केला. जुन्या यंत्राची ग्राफिक्स चिप मात्र या डब्यात नव्हती. तिचे काम नवा प्रोसेसर आणि नवी ग्राफिक्स चिप मिळून नकलेने करत. म्हणजे ज्याला सगळे ‘खरे हार्डवेअर’ म्हणत, त्यातही अर्धे इम्युलेशनच होते.

याची खूण यंत्राच्या मेनूमध्येच दिसे. `PlayStation Driver` या नोंदीखाली दोन पर्याय होते, `Disc Speed` आणि `Texture Mapping`. पहिला `Fast` केला की डिस्क जलद वाचली जाई, दुसरा `Smooth` केला की चित्रातले ठोकळे मऊ होत. दोन्ही मुळात `Standard` वर ठेवलेले असत, कारण काही गेम या सुधारणांनी बिघडत. एखाद्या दृश्याचा ताल डिस्क अमुक वेळात वाचली जाईल या गृहीतावर बांधलेला असेल, तर डिस्क लवकर वाचली गेल्याने तो ताल चुकतो.

पुढे सोनीने जुने भाग एकेक करून काढले. सडपातळ प्लेस्टेशन २ च्या ७५००० क्रमांकाच्या मॉडेलपासून तो जुना प्रोसेसर गेला आणि त्याची नक्कल करणारी वेगळी चिप आली. त्यासोबत काही गेम अडखळू लागले. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही होत्या. मार्च २००७ मध्ये युरोपात आलेल्या यंत्रात ग्राफिक्स चिप राहिली आणि प्रोसेसरची जागा सॉफ्टवेअरने घेतली. त्याच वर्षीच्या ४० जीबी मॉडेलमध्ये दोन्ही नव्हत्या आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालणे बंद झाले. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र प्रत्येक प्लेस्टेशन ३ वर चालत राहिल्या, कारण त्या सुरुवातीपासून पूर्णपणे सॉफ्टवेअरवर चालत होत्या. डब्यावरचे नाव एकच असले तरी आतले उत्तर असे मॉडेलगणिक वेगळे होते.

प्लेस्टेशन २ ची नक्कल इतकी अवघड का, याचे एक मोठे कारण त्याच्या अंकगणितात आहे. अपूर्णांकांच्या हिशेबासाठी संगणक सहसा आयईईई ७५४ हे मानक पाळतात. त्यात शून्य नसलेल्या संख्येला शून्याने भागले की ‘अनंत’ मिळते, आणि अनंताला शून्याने गुणले की ‘संख्या नाही’ अशी विशेष किंमत येते. प्लेस्टेशन २ च्या प्रोसेसरला अनंतही ठाऊक नव्हते आणि ‘संख्या नाही’ही नव्हते. शून्याने भागल्यास तो आपली सर्वांत मोठी संख्या परत देई.

आता समजा एखाद्या गेममध्ये शत्रू खेळाडूच्या दिशेने चालतो. दिशा काढण्यासाठी दोघांमधला फरक घेऊन त्याला अंतराने भागले जाते. प्रत्यक्षात एक भागिले अंतर काढून त्याने फरकाला गुणतात. दोघे नेमके एकाच जागी आले की फरकही शून्य आणि अंतरही शून्य. प्लेस्टेशन २ वर एक भागिले शून्य म्हणजे प्रचंड मोठी संख्या, आणि तिला शून्याने गुणले की उत्तर शून्य. शत्रू जागच्या जागी उभा राहतो आणि पुढच्या क्षणी गेम सुरळीत चालू लागतो. प्रोग्रॅमरला आपल्या हिशेबात भोक आहे हे कधी कळतच नाही. हाच हिशेब पीसीच्या प्रोसेसरवर जसाच्या तसा केला तर अनंत गुणिले शून्य, म्हणजे ‘संख्या नाही’. ही किंमत शत्रूच्या स्थानात मिसळते, त्यापुढची प्रत्येक बेरीज तशीच होते आणि शत्रू पडद्यावरून कायमचा नाहीसा होतो.

पीसीएसएक्स२ या इम्युलेटरमधला `Clamping Mode` याच दोषासाठी आहे. हिशेबात अनंत आले की तो त्या जागी मोठी पण साधी संख्या ठेवतो. हे प्रत्येक आज्ञेनंतर करायचे तर वेग घटतो, म्हणून त्याच्या कमी-जास्त कडक पातळ्या आहेत. कोणत्या गेमला कोणती पातळी लागते याची नोंद इम्युलेटरसोबतच्या यादीत ठेवलेली असते. राउंडिंगचा प्रश्न याहून चिवट आहे. प्लेस्टेशन २ शेवटचे अंक नुसते छाटून टाके, आणि काही गुणाकारांत तर छाटणीच्या नियमापेक्षाही शेवटच्या बिटचा फरक पडे. एका बिटने कोणाचे काय बिघडणार? पण आधी नोंदवलेल्या हालचालींवर चालणाऱ्या प्रात्यक्षिकात हा फरक फ्रेमगणिक साचतो आणि काही वेळाने गाडी वळणाऐवजी भिंतीवर जाते.

वेळेचे दोष याहून सोपे असतात. युरोप आणि भारतासारख्या पाल पद्धतीच्या देशांत टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र दाखवी, जपान-अमेरिकेत ६० वेळा. प्रत्येक चित्रामागे पात्र एक पाऊल पुढे नेणारा गेम पाल आवृत्तीत नीट जुळवून घेतला नसेल, तर ६० सेकंदांचा प्रसंग ७२ सेकंद चालतो. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या इम्युलेटरवर चालणाऱ्या यंत्रात ‘टेकन ३’सह काही गेम पाल आवृत्तीत भरले गेले आणि खेळाडूंना ते लगेच संथ वाटले. तिथे दोष नकलेचा नव्हता. नक्कल इमानदार होती, आवृत्ती चुकीची निवडली होती.

नवी चिप जुन्या घराण्यातलीच असली तरी सावधपणा सुटत नाही. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रो मध्ये मूळ यंत्राच्या दुप्पट ग्राफिक्स गट होते, पण ज्या गेमसाठी खास सुधारणा आलेली नव्हती त्यांच्यासाठी त्यातले अर्धे बंद ठेवले जात आणि वेग मूळच्या ८०० मेगाहर्ट्झवर आणला जाई. जास्त वेग हवाच असेल तर मार्च २०१७ पासून मिळालेला `Boost Mode` खेळाडूने स्वतः चालू करायचा होता.

गेम बिघडल्यासारखा वाटला तर आधी घड्याळ लावून पाहावे. सगळेच एका प्रमाणात संथ असेल तर आवृत्ती किंवा वेग तपासावा. फक्त कडा, रेषा किंवा सावल्या चुकत असतील तर रिझोल्यूशन मूळ यंत्राइतके करून पाहावे. दोष गेला तर तो चित्रणाचा. पात्रे गायब होणे किंवा भिंतीत शिरणे क्लॅम्पिंगची पातळी बदलल्यावर थांबले तर तो हिशेबाचा. आणि तोच दोष मूळ यंत्रावरही त्याच जागी दिसत असेल तर तो गेममध्येच आहे. चांगल्या इम्युलेटरने तो तसाच दाखवायला हवा.