कैऱ्या खाव्याशा वाटतात: क्रियापदाला लांबचं कसं दिसतं?

भाचीच्या व्याकरणाच्या वहीत परवा एक वाक्य होतं, "मला कैऱ्या खाव्याशा वाटतात", आणि खाली प्रश्न होता, प्रयोग ओळखा. तिने विचारलं, मामा, वाटतंय मला, मग "वाटतात" कैऱ्यांसारखं का चालतंय? शाळेत आपण शिकतो की कर्तरीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, कर्मणीत कर्माप्रमाणे आणि भावेत कोणाप्रमाणेच नाही. पण इथे कैऱ्या हे वाटण्याचं कर्मच नाहीये, ते खाण्याचं कर्म आहे. एका क्रियापदाचं कर्म आणि त्याच्यावर बसलेलं दुसरंच क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतंय. भाषाशास्त्रात याला लांब पल्ल्याची अन्विती म्हणता येईल, इंग्रजीत लाँग डिस्टन्स अग्रीमेंट.

कैऱ्या काढून आंबा ठेवा: आंबा खावासा वाटतो. कैरी ठेवा: कैरी खावीशी वाटते. आणि कर्मच नसेल तर? रडावंसं वाटतं. म्हणजे काहीच सापडलं नाही तर मराठी नपुंसकलिंगी एकवचनावर येऊन थांबते. आता "खावासा वाटतो" हळू म्हणून बघा, आंबा एकदा नाही तर तीन ठिकाणी उमटलाय: खावा, मग सा, मग वाटतो.

मिनिमलिझम ही भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९९० च्या दशकात मांडलेली वाक्यरचनेच्या अभ्यासाची दिशा. तिच्यात वाक्य खालून वर बांधलं जातं, आधी आंबा आणि खा जोडले जातात, मग त्यावर व, त्यावर सा, त्यावर वाटणे, सगळ्यात वर काळ. यातल्या काही तुकड्यांमध्ये लिंग-वचनाची जागा रिकामी असते. असा तुकडा वाक्यात बसला की लगेच आपल्या खालच्या भागात शोध घेतो (या शोधणाऱ्या तुकड्याला प्रोब म्हणतात) आणि जे पहिलं योग्य नाम सापडेल त्याचं लिंग-वचन स्वतःत भरून घेतो. या व्यवहाराला अग्री म्हणतात. मराठीत योग्य नाम म्हणजे ज्याला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही असं, म्हणून "मला" कधीच सापडत नाही, आणि "मला त्या पोरीला भेटावंसं वाटतं" यात पोरगीही सापडत नाही कारण तिच्यावर ला चं झाकण आहे, मग पुन्हा नपुंसकलिंग.

मग सगळ्यात वरचा "वाटतो" आंब्यापर्यंत पोचतो कसा? एक शक्यता अशी की तो थेट खालपर्यंत बघतो. दुसरी शक्यता टप्प्याटप्प्याची, सायक्लिक अग्री. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना तसं. आधी "खाव" ने आंब्याकडून पुल्लिंगी एकवचन घेतलं, खावा झालं. मग वर "स" बसला, त्याने खाली बघितलं तर त्याच्या सगळ्यात जवळ आता खावाच आहे आणि त्याच्याकडे ते लिंग-वचन आलेलं आहे, ते त्याने घेतलं, सा झालं. मग वाटणे, त्याने सा कडून घेतलं. कोणालाच लांब बघायला लागलं नाही, प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडून घेतलं.

फरक कुठे पडतो? जागा तीन, प्रत्येक जागी दोन पर्याय, आंब्याप्रमाणे किंवा नपुंसक, म्हणजे कागदावर आठ जोड्या होतात. प्रत्येकाने आपापला थेट शोध घेतला असता आणि तो घेणं ऐच्छिक असतं तर यातल्या बऱ्याच ऐकू यायला हव्या होत्या. पण "आंबा खावंसं वाटतो" कोणी म्हणत नाही, "आंबा खावंसा वाटतो" तर नाहीच. सगळीकडे आंबा, "खावासा वाटतो", ही एक जोडी आणि काही जणांच्या तोंडी ऐकलेलं "आंबा खावंसं वाटतं", सगळीकडे नपुंसक, ही दुसरी. मधला हात रिकामा राहिला तर वरच्या हातात घमेलं येणार कुठून!

हिंदीत हेच दिसतं. "राम ने रोटी खानी चाही" चालतं, "खाना चाहा" चालतं, "खाना चाही" आणि "खानी चाहा" चालत नाही. भाषाशास्त्रज्ञ राजेश भट्ट यांचा २००५ चा हिंदी-उर्दूवरचा अभ्यास याच विषयावर आहे. मात्र ते हातोहात मांडणी करत नाहीत, त्यांच्या मते वरचा एकच शोध रोटीपर्यंत जातो आणि त्याच झटक्यात मधलं "खाना" पण भरलं जातं. मला मराठीत तीन जागा दिसल्यामुळे टप्प्यांची कल्पना जास्त पटते, पण नुसत्या या वाक्यांवरून दोघांपैकी एकाला बाद करता येत नाही हे मान्य करायला हवं.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. वाक्य थोडं बदलू: "मुलांनी कैऱ्या खाव्यात असं मला वाटतं". खाणारे वेगळे, वाटणारा वेगळा. इथे खाव्यात हे कैऱ्यांप्रमाणेच चाललंय पण त्याच्या पुढे असं आणि वाटतं, दोन्ही नपुंसक. घमेलं पहिल्या हातात आलं आणि तिथेच अडलं. का? त्या शेवटच्या त कडे बघा. "खाव्याशा" मध्ये तो नाही, "खाव्यात" मध्ये आहे. आंबे घेतले तरी तेच, खावेसे पण खावेत असं. हा त पूर्ण वाक्याच्या क्रियापदाला लागतो. म्हणजे "मुलांनी कैऱ्या खाव्यात" हे स्वतःचा कर्ता असलेलं पूर्ण वाक्य आहे, दार लावून घेतलेली खोली, आणि मिनिमलिझममध्ये अशा बंद खोलीला फेज म्हणतात. "कैऱ्या खाव्या-" ही अर्धवट बांधलेली खोली, तिला दारच नाही, म्हणून माल बाहेर जातो. "मला वाटतं की त्याने कैऱ्या खाल्ल्या" इथे पण दार बंद, "मला वाटतात की" कोणी म्हणणार नाही.

दार असूनही माल बाहेर जाऊ शकतो का? रशियातल्या दागेस्तानच्या डोंगरांत त्सेझ नावाची भाषा बोलतात. "आईला माहीत आहे की मुलाने पाव खाल्ला" या अर्थाच्या वाक्यात "माहीत असणे" या क्रियापदाच्या सुरुवातीला र लागू शकतो, तेव्हा ते आतल्या आख्ख्या वाक्याप्रमाणे चालतं, आपल्या "असं वाटतं" सारखं. पण ब पण लागू शकतो, आणि तो ब आतल्या पावाचा! पॉलिन्स्की आणि पॉट्सडॅम या भाषाशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की हे तेव्हाच होतं जेव्हा बोलणं त्या पावाबद्दलच चाललेलं असतं. त्यांची मांडणी अशी की तेव्हा पाव, ऐकू न येता, आतल्या वाक्याच्या अगदी उंबरठ्यावर येऊन बसतो आणि उंबरठ्यावरचं बाहेरच्याला दिसतं. म्हणजे तिथेही एकदम लांब उडी नाही, आधी उंबऱ्यापर्यंत आणि मग बाहेर.

इथे एक सांगावंसं वाटतं. अमुक भाषा सगळ्यात शास्त्रशुद्ध, कॉम्प्युटरसाठी तीच योग्य, असे मेसेज फिरत असतात. त्यात तथ्य नाही. लिपीचा फारसा वापर नसलेल्या त्सेझमध्ये आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या मराठीत नियम तितकेच काटेकोर आहेत, कोणी लिहून ठेवलेले नसले तरी.

भाचीला मी उत्तर दिलं आणि तिने लगेच दुसरं वाक्य काढलं, "मला लाडू करता येतात". लाडू हे करण्याचं कर्म, येतात हे लाडवांप्रमाणे, ठीक. पण मधलं "करता"? भाकरी करता येते, लाडू करता येतात, करता काही बदलत नाही. मधला हात हललाच नाही आणि घमेलं वर पोचलं! माझा अंदाज असा की "ता" मध्ये लिंग-वचनाची रिकामी जागाच नाहीये, म्हणून तो घेतही नाही आणि अडवतही नाही, "येणे" त्याच्या आरपार बघतं. "खावंसं" ची गोष्ट वेगळी, तिथे जागा आहे, ती नपुंसकाने भरली की वरच्याला जवळ तेच सापडतं. हा अंदाज खरा असेल तर कधीच न बदलणाऱ्या प्रत्ययांमधून लिंग-वचन वर जायला हवं. "त्याने पत्रं लिहायला घेतली" यात तसं होतं, यला बदलत नाही आणि घेतली पत्रांप्रमाणे चालतं. आता असं एखादं वाक्य शोधतोय जिथे हे व्हायला हवं, आत पूर्ण वाक्यही नाही, आणि तरी होत नाही.